ठिबकने वाचलेले पाणी जाते कोठे?

उसाला ठिबक केले की निम्मे पाणी वाचते, हे वाक्य तुम्ही भिंतीवर, एस. टी. स्टँडवर किंवा शेतकी प्रदर्शनात वाचले असेल. तुमच्यापैकी काहींच्या घरी ऊस असेल आणि सरीच्या काठाने गेलेली काळी नळीही तुम्ही रोज पाहत असाल. या वाक्यात तथ्य आहे. परंतु 'वाचते' हा शब्द थोडा फसवा आहे असे माझे मत आहे. पदार्थविज्ञानात एखादी वस्तू नाहीशी झाली असे म्हटले की आपण लगेच विचारतो, ती गेली कोठे? तोच प्रश्न पाण्याला विचारू या. त्यासाठी माझ्या मामांच्या एक एकर सुरू उसाचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो. (सुरू म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला ऊस. आडसाली उसाची लावण जुलै-ऑगस्टमध्ये होते व तो शेतात सतरा-अठरा महिने राहतो.)

मामांची विहीर आहे आणि तिच्यावर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. सरीत मोकळे पाणी सोडताना ती सेकंदाला सहा लिटर पाणी देई. हे आम्ही दोनशे लिटरचे पिंप भरायला लागणारा वेळ मोजून काढले होते. पिंप तेहेतीस सेकंदांत भरले. म्हणजे तासाला २१,६०० लिटर. मे महिन्यात एक एकर ऊस भिजवायला मोटर पंधरा तास चालवावी लागे. यावरून एका पाळीचे पाणी झाले ३,२४,००० लिटर. एकराचे क्षेत्र सुमारे ४,००० चौरस मीटर धरा. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरले तर त्याची खोली एक मिलिमीटर होते. म्हणजे प्रत्येक पाळीला शेतावर ८१ मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केल्यासारखे झाले. पाळी आठ दिवसांनी येत असे, म्हणून रोजचे सरासरी पाणी दहा मिलिमीटर पडले.

आता उसाची गरज किती ते पाहू. हवामान केंद्रात एक उघडे पसरट भांडे ठेवलेले असते आणि त्यातून रोज किती मिलिमीटर पाणी उडून जाते याची नोंद होते. आमच्या भागात मेमध्ये हा आकडा नऊच्या आसपास असतो. लहान भांड्यातून पाणी जास्त वेगाने उडते, म्हणून त्याला ०.७ ने गुणतात. पुढे पिकाच्या वाढीप्रमाणे आणखी एका गुणकाने गुणायचे. चार महिन्यांचा, जमीन झाकू लागलेला ऊस असेल तर हा गुणक साधारण एक धरतात. ९ × ०.७ × १ = ६.३ मिलिमीटर. उसाला रोज ६.३ मिलिमीटर हवे आणि आपण देत होतो दहा.

ठिबकात हा हिशेब थेट नळीवर बसवता येतो. मामांनी पाच फुटांवर सरी काढली आणि प्रत्येक ओळीला एक लॅटरल टाकली. एकरात तिची लांबी सुमारे २,६७० मीटर भरली. नळीत दर चाळीस सेंटीमीटरवर एक ड्रिपर आहे आणि तो तासाला दोन लिटर पाणी देतो. तुम्ही स्वतः गुणाकार करून पाहा. एकराला तासाला सुमारे १३,३०० लिटर पाणी मिळते. ६.३ मिलिमीटर म्हणजे २५,२०० लिटर. म्हणजे मेमध्ये रोज दोन तासांना थोडे कमी. मोटर चालू करायची, घड्याळ पाहायचे आणि बंद करायची.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. पूर्वी आठ दिवसांतून पंधरा तास मोटर चाले, म्हणजे रोज सरासरी दोन तासांच्या आतबाहेर. आताही रोज जवळजवळ दोन तास चालते! मेमध्ये मोटरचे तास काही घटलेच नाहीत. याचे कारण असे की ठिबकात पाणी नुसते वाहून चालत नाही, नळीत सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असावा लागतो. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. फिल्टर आणि नळ्यांतील घर्षण त्यावर वेगळे. मोटरला पाणी जणू आणखी दहा-पंधरा मीटर उंच चढवावे लागते, आणि जास्त उंचीवर तीच मोटर कमी पाणी देते. पाणी वाचले की वीजही तितकीच वाचते असे जे सर्रास सांगतात, ते म्हणून सरसकट खरे नाही.

मग मामांनी ठिबक का केले? मी त्यांना सरळ विचारले. ते म्हणाले, "अरे, पाण्याचं कशाला विचारतोस? पंधरा तास पाणी द्यायचं म्हणजे दोन रात्री दारं धरायची. लाईट यायची रात्री. बॅटरी घेऊन उसात फिरायचं, पाय कुठं पडतोय ते दिसायचं नाही. आणि एवढं करून बांधाकडचा ऊस पिवळाच."

या उत्तरातील शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. शेतकरी ठिबककडे वळतो तो बहुधा पाण्यासाठी नव्हे, तर खतासाठी आणि मजुरीसाठी. पाण्याची बचत ही त्यामागून येते. का ते सांगतो.

सुरू उसाला एकरी शंभर किलो नत्र द्यावे अशी शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया झाला. सरीच्या पद्धतीत तो चार हप्त्यांत देतात: लावणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीच्या वेळी उरलेला चाळीस. चाळीस टक्के म्हणजे ८७ किलो, जवळजवळ दोन गोण्या. त्या एका दिवसात सरीत पडतात आणि त्यावर ८१ मिलिमीटर पाणी सुटते.

युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मातीचे कण त्याला विशेष धरून ठेवत नाहीत. पाणी जिकडे जाईल तिकडे तो जातो. काही दिवसांत मातीतील विकराने त्याचे अमोनियम होते. अमोनियमवर धनभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून येथे तो थोडा अडकतो. परंतु आमच्या काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी असतात, आणि अशा जमिनीच्या पृष्ठभागावर अमोनियमचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. राहिलेल्या अमोनियमचे जिवाणू नायट्रेट बनवतात. नायट्रेटवर पुन्हा ऋणभार! मातीचा कणही ऋण, नायट्रेटही ऋण. दोघांचे जमत नाही. पुढच्या पाळीचे जादा पाणी मुळांच्या खाली उतरले की त्याच्याबरोबर नायट्रेटही खाली जाते. मामांच्या शेतात पाटाच्या तोंडाशी पाणी तासन् तास मुरत राही, तर बांधाकडच्या टोकाला ते उशिरा व थोडे पोहोचे. वरच्या टोकाचे खत खाली धुपून गेले आणि दुसऱ्या टोकाच्या मुळांपर्यंत ते नीट उतरलेच नाही. दोन्हीकडे ऊस पिवळा पडायला कारण एकच, पाण्याची असमान वाटणी.

आता ठिबकातून खत कसे जाते ते पाहा. मुख्य नळीला समांतर एक लहान नळी बसवलेली असते आणि तिच्या मध्यभागी गळा अरुंद केलेला असतो. याला व्हेंचुरी म्हणतात. अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो. हे बर्नुलीचे तत्त्व तुम्ही पुढे शिकाल. गळ्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली गेला, की शेजारच्या बादलीतील खताचे द्रावण आपोआप आत ओढले जाते. त्यासाठी व्हेंचुरीच्या दोन्ही बाजूंच्या दाबात बराच फरक असावा लागतो. म्हणून मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळतात. बादलीतील पातळी उतरत नसेल तर हा फरक पुरेसा नाही असे समजावे.

मामा आता २६ आठवडे, दर आठवड्याला एकदा खत देतात. शिवाय मात्राही कमी लागते. ठिबकातून शिफारशीच्या ऐंशी टक्के खत पुरते असा विद्यापीठाचा सल्ला आहे. ऐंशी किलो नत्र म्हणजे १७४ किलो युरिया, म्हणजे आठवड्याला सरासरी ६.७ किलो. कोठे एका दिवसात ८७ किलो आणि कोठे आठवड्याला पावणेसात! मातीत एका वेळी इतकेच नत्र असते की पीक ते लवकर उचलते आणि धुपून जायला फारसे शिल्लक राहत नाही. साडेसहा महिन्यांनंतर नत्र बंद करतात. उशिरा नत्र दिले तर ऊस वाढतच राहतो आणि साखर भरत नाही.

यात एक शिस्त मात्र पाळावी लागते. मोटर चालू केल्याबरोबर खत सोडायचे नाही. आधी साधे पाणी सोडून सर्व नळ्यांत दाब येऊ द्यायचा, मग खत, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे पुन्हा साधे पाणी. सुरुवातीलाच खत सोडले तर पुढचे दीड तास पाणी त्या खताला खाली ढकलत राहील, म्हणजे आपण पुन्हा जुन्याच चुकीवर आलो. शेवटी नळी धुतली नाही तर आत शेवाळ वाढते.

एवढे समजले की पाणी का कमी लागते हेही समजेल. त्यासाठी आता मेऐवजी मार्च महिना घ्या. तेव्हा ऊस दोन महिन्यांचा, गुडघ्याइतकाही नसतो. त्याची गरज ७ × ०.७ × ०.४, म्हणजे रोज दोन मिलिमीटर. नळीने हे पाणी छत्तीस मिनिटांत जाते. सरीत मात्र दोन मिलिमीटर पाणी देताच येत नाही! पाणी पाटातून निघून सरीच्या शेवटापर्यंत पोहोचायचे तर वाटेतील माती आधी भिजलीच पाहिजे. मामांना मार्चमध्ये अकरा तास लागत आणि पाळी दहा दिवसांनी येई. म्हणजे ५९ मिलिमीटर, रोजचे सहा. गरज दोनची, पाणी सहाचे. मेमध्ये बचत होती सुमारे ३७ टक्के, आणि मार्चमध्ये ती निघते ६७ टक्के. माझ्या मते ठिबकाची खरी करामत उसाच्या बालपणी आहे. पूर्ण वाढलेल्या उसाची तहान ठिबकाने कमी होत नाही. पानांतून जाणारे पाणी ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा यांवर ठरते. ते पाटातून आले की नळीतून आले याची पानाला खबर नसते.

एक साधा प्रयोग करा. दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत कोरडी वाळू आणि दुसरीत चाळलेली कोरडी काळी माती भरा. सलाईनच्या जुन्या, स्वच्छ नळीने दोन्हींत काचेच्या अगदी कडेला थेंब थेंब पाणी सोडा आणि ओलाव्याची कडा दर दहा मिनिटांनी काचेवर पेनने आखा. वाळूत ओलावा गाजरासारखा खाली उतरलेला दिसेल, काळ्या मातीत तो कांद्यासारखा आडवा पसरेल. मातीतील बारीक पोकळ्या केशनळ्यांसारखे काम करतात आणि पाणी बाजूला ओढतात. म्हणून हलक्या जमिनीत ड्रिपर जवळ जवळ आणि भारी जमिनीत थोडे लांब चालतात. त्या कांद्याबाहेरची माती कोरडी राहते, हे महत्त्वाचे. कोरड्या मातीतून बाष्पीभवन होत नाही, आणि तणही उगवत नाही. शिवाय कांद्याच्या आत सतत वाफसा राहतो, म्हणजे पाणीही असते आणि हवाही. मोकाट पाण्यात मुळे दोन दिवस गुदमरतात आणि पुढे सहा दिवस हळूहळू तहानेली होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाचलेले पाणी पूर्वी जात कोठे होते? त्याच्या दोन वाटा होत्या. मार्चमध्ये उघड्या ओल्या सरीवरून बरेच पाणी वाफ होऊन उडे. ही वाफ गावाच्या हातून कायमची गेली. ती थांबवली तर ती अस्सल बचत. दुसरी वाट जमिनीखालची. मेमध्ये जादा दिलेल्या पाण्यातील बहुतेक भाग मुळांच्या खाली मुरमात उतरे, आणि त्यातला काही पुन्हा मामांच्या किंवा शेजाऱ्यांच्या विहिरीत येई. ठिबकाने हे झिरपणे थांबले की मामांच्या वहीत बचत दिसते, पण गावाच्या जमाखर्चात ती तेवढी दिसत नाही. एका खिशातून काढून दुसऱ्यात जाणारे पैसे काढायचे थांबवले तर ती कमाई होत नाही. अर्थात झिरपणे थांबवण्यात लाभ मुळीच नाही असे नाही. नायट्रेट विहिरीत जात नाही, ते पाणी पुन्हा उपसावे लागत नाही. आणि सांगली-कोल्हापुरातील कृष्णाकाठच्या ज्या जमिनी जादा पाण्याने क्षारपड झाल्या, तेथे तर झिरपणे थांबणे हाच मोठा लाभ आहे. परंतु "निम्मे पाणी वाचले" असे सांगताना हे दोन हिस्से वेगळे करावेत, एवढेच माझे म्हणणे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. खोडव्याच्या उसात पाचट न जाळता सरीत पसरले तर तेही उघडी जमीन झाकते आणि उन्हाला ओल्या मातीपर्यंत पोहोचू देत नाही. त्याला नळी लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. ठिबकाची जाहिरात भिंतीभिंतीवर दिसते, पाचटाची फारशी दिसत नाही!

ठिबक बिघडते तेही पाहिले पाहिजे, कारण बिघडलेले ठिबक सरीपेक्षा वाईट. सरीत निदान डोळ्यांना पाणी दिसते. दुसऱ्या वर्षी मामांच्या उसात मधेच पिवळे पट्टे दिसू लागले. आम्ही एक सोपी परीक्षा केली. तासाला दोन लिटर म्हणजे सहा मिनिटांत २०० मिलिलिटर. शेताच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, दहा-बारा ड्रिपरखाली वाट्या ठेवल्या आणि सहा मिनिटांनी पाणी मोजपात्रात मोजले. पाणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत हळूहळू कमी होत गेले असते तर दोष दाबाचा, म्हणजे नळी फार लांब. परंतु आमच्या वाट्यांत २००, १२०, १९५, ७० असे वेडेवाकडे आकडे आले. शेजारशेजारच्या ड्रिपरमध्ये असा फरक असेल तर ड्रिपरच चोंदले आहेत असे समजावे. तोंडाशी पांढरा थर होता. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर तो फसफसला. कार्बोनेट! विहिरीचे पाणी जड होते आणि त्यातील चुना तेथे साचला होता.

दुसरी चूक मामांची स्वतःची. त्यांनी १२:६१:० हे स्फुरदाचे विद्राव्य खत त्याच जड पाण्यात कालवून सोडले होते. स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ तयार होऊ शकतो. कोणतेही नवे खत सोडण्यापूर्वी ते आपल्याच विहिरीच्या पाण्यात त्याच प्रमाणात कालवून बादलीत रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी दुधी दिसले किंवा तळाशी गाळ बसला तर ते नळीत सोडू नये. ही परीक्षा फुकट आहे, पण ती आधी कोणी करत नाही. नळ्या शेवटी आम्ल सोडून साफ कराव्या लागल्या. (आम्ल पाण्यात ओतायचे असते, पाणी आम्लात कधीही नाही. आणि हे काम मोठ्या माणसांचे, तुमचे नव्हे.) पोटॅशही पांढरेच वापरावे लागते, कारण लाल पोटॅशमधील लोहाचा अंश विरघळत नाही.

क्षारांची एक खोडी फारशी कोणाला ठाऊक नसते. ओलाव्याच्या कांद्याच्या कडेला पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार तेथेच साचतात. पहिला हलका पाऊस पडला की तेच क्षार विरघळून मुळांकडे ढकलले जातात. म्हणून वळवाची सर आली की ठिबक बंद करण्याची घाई करू नये. पाऊस चालू असतानाच ते थोडा वेळ चालवावे, म्हणजे आतले पाणी क्षारांना बाहेर थोपवून धरते. पावसात मोटर चालू पाहून शेजारी हसतात, ते हसू द्यावे.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी शिल्लक पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला. पूर्वी तेथे हरभरा असे आणि उन्हाळ्यात रान पडीक राही. त्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पाणी राहिले तर ते वापरू नये असे त्यांना कोणी सांगावे? परंतु आता दोन एकर उसाची पाने मे महिन्यात रोज ६.३ मिलिमीटरच्या हिशेबाने, म्हणजे दोन्ही मिळून ५०,४०० लिटर पाणी हवेत सोडतात. पूर्वी एका एकरावर रोज ४०,५०० लिटर ओतले जाई आणि त्यातील काही परत विहिरीत येई. आता येत नाही. मी मामांना एक दोरी दिली आहे, तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली आहे. दर रविवारी सकाळी, मोटर सुरू करण्यापूर्वी, ते दोरी विहिरीत सोडून पातळी वहीत लिहितात. मे अखेर पाणी आदल्या वर्षापेक्षा दोन गाठी खाली होते. एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, पाऊसही कमी-जास्त होतो, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "बरं, मग अजून दोन वर्षं लिहितो. पण तिसरा एकर लावायचा थांबतो तोवर."